पाहुणे कधी जाणार, हे आधी सांगा

तुळशीचं लग्न लागलं की महाराष्ट्रात लग्नांचे मुहूर्त सुरू होतात. मंगल कार्यालय एक किंवा दोन दिवसांपुरतं मिळतं, पण लग्नघर मात्र महिनाभर जागं असतं. देवक, ग्रहमख, बांगड्या, हळद, रुखवत, लग्न, मग सत्यनारायण आणि मांडवपरतणी. या सगळ्यासाठी आजी आधीच येऊन राहते, आत्या पंधरा दिवस अगोदर मदतीला येते, मामा-मामींशिवाय तर काही विधीच अडतात. घर स्वतःचं असेल तर प्रश्न फक्त गाद्यांचा आणि पाण्याचा. घर भाड्याचं असेल तर त्याआधी एक प्रश्न येतो: मालकांना विचारायचं का, आणि विचारायचं तर कसं?

अनेक कुटुंबं या प्रश्नापाशी अडखळतात. काहींना वाटतं, आपण भाडं भरतो, आपल्या घरी कोण येतं याच्याशी मालकाचा काय संबंध? काहींना विचारायची इतकी भीती वाटते की ते पाहुण्यांना गुपचूप आणतात आणि मग सोसायटीच्या रखवालदाराकडून मालकांना बातमी कळते. दोन्ही वाटांनी नाहक कटुता येते. मालकाच्या मनातली काळजी नेमकी कशाची आहे हे समजलं, तर परवानगी मागणं फारसं अवघड नाही.

करारात काय लिहिलेलं असतं

आज पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरांत घर भाड्याने घेतलं, तर बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार होतो, तोही साधारणपणे अकरा महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार हा करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी करावी लागते. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. या कराराने राहणाऱ्याला कायद्याच्या भाषेत ‘भाडेकरू’चा दर्जा मिळत नाही, त्याला घर वापरण्याची परवानगी मिळते. बोलताना आपण सगळेच त्याला भाडेकरू म्हणतो, या लेखातही तसंच म्हटलं आहे. पण परवानगी त्या माणसाला, ठरावीक मुदतीसाठी, राहण्याच्या कारणासाठी दिलेली असते, हे लक्षात ठेवायला हवं.

ऑनलाइन नोंदणीत वापरल्या जाणाऱ्या ठरलेल्या मसुद्यात साधारण अशी कलमं असतात: घर फक्त राहण्यासाठी वापरावं, ते पोटभाड्याने देऊ नये किंवा दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नये, मालकाने आधी कळवून घर पाहायला यावं, अटींचा भंग झाला तर मालक एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार रद्द करू शकतो. पाहुण्यांविषयी या ठरलेल्या मसुद्यात वेगळं कलम नसतं. काही मालक किंवा एजंट ‘इतर’ या सदराखाली एखादी ओळ घालून घेतात, उदाहरणार्थ, ‘पाहुणे सात दिवसांपेक्षा जास्त राहिल्यास मालकाची पूर्वसंमती घ्यावी.’ म्हणून पहिलं काम फोन करण्याचं नाही. करार शोधून काढायचा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. अशी ओळ असेल तर परवानगी मागणं हे बंधन आहे.

ओळ नसेल तर? भाडे नियंत्रण कायद्यात पाहुण्यांच्या मुक्कामाला दिवसांची मर्यादा नाही. राहण्यासाठी घेतलेल्या घरी बहीण चार दिवस आली, तर ते राहण्याचाच भाग झालं. त्यासाठी कुणी परवानगी मागत नाही. पण चार माणसं तीन आठवडे राहणार असतील, तर बाहेरून पाहणाऱ्याला ते पाहुणे आहेत की नवे रहिवासी, हे कळत नाही. करार गप्प असतो तेव्हा परवानगीचा उपयोग हाच, की हे पाहुणे आहेत अशी दोन्ही बाजूंची लेखी समजूत तयार होते.

मालकाची भीती कुठून आली

महाराष्ट्रातल्या मालकांना ‘कोण राहतंय’ याची धास्ती उगाच वाटत नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यात 1973 साली दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीने असं ठरवलं की 1 फेब्रुवारी 1973 या दिवशी जे लोक चालू कराराने, परवानाधारक म्हणून एखाद्या जागेत राहत होते, ते संरक्षित भाडेकरू मानले जातील. ज्या मालकांनी तात्पुरतं म्हणून घर दिलं होतं, त्यांचं ते घर एका रात्रीत कायमचं अडकलं. मुंबईतल्या कितीतरी कुटुंबांच्या आठवणीत ही गोष्ट आजही आहे, आणि पुढच्या पिढीच्या मालकांनाही ती ऐकूनच माहीत असते.

जुन्या पागडीच्या घरांत याहूनही वेगळी भीती असते. तिथला भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाऊ शकतो. त्यामुळे अशा चाळीत पुतण्या महिनाभर मुक्कामाला आला तरी मालक विचारपूस करतो. शिवाय लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे घर खाली करून मागण्याचं एक कारण ठरतं. पागडीच्या घरात राहणाऱ्यांनी म्हणूनच अधिक काळजीने लिहावं आणि जमल्यास वकिलाला पत्र दाखवून घ्यावं.

आजच्या नोंदणीकृत करारात मालकाला बरंच संरक्षण आहे. 1999 च्या कायद्याच्या कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि राहणाऱ्याला ठरलेल्या मोबदल्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. तरीही मनातला प्रश्न जात नाही: ही माणसं आली, पण गेलीच नाहीत तर? त्यांनी या पत्त्यावर आधार कार्ड किंवा गॅसची नोंद केली तर? भाडेकरू स्वतः दुसरीकडे गेला आणि नातेवाईकच इथे राहू लागले तर?

हा शेवटचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही कळीचा आहे. पोटभाडं झालं की नाही हे ठरवताना न्यायालयं मुख्यतः दोन गोष्टी पाहतात. मूळ भाडेकरूने जागेचा ताबा सोडून तो दुसऱ्याला दिला का, आणि त्याबदल्यात काही मोबदला घेतला का. भाडेकरू स्वतः त्याच घरात राहतो, किल्ली त्याच्याकडे आहे, घर तोच चालवतो आणि आत्या-मामा त्याच्यासोबत राहतात, तेव्हा ताबा कुणालाच दिलेला नसतो. याउलट लग्नाच्या धावपळीत भाडेकरू कुटुंब गावाकडे गेलं आणि शहरातल्या घरात फक्त पाहुणे दोन आठवडे राहिले, तर शंकेला जागा उरते. म्हणून पाहुण्यांच्या संपूर्ण मुक्कामात घरातलं किमान एक माणूस तिथे राहायला असेल, हे ठरवावं आणि पत्रात लिहावं.

एक उदाहरण, तारखांसह

हे सगळं एका कल्पित पण अगदी नेहमीच्या उदाहरणात पाहू. पुण्यातल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमच्या घरात चौघांचं कुटुंब भाड्याने राहतं. नवरा-बायको, मोठी मुलगी आणि कॉलेजात शिकणारा मुलगा. मालक निवृत्त आहेत आणि नाशिकला राहतात. करार 1 फेब्रुवारीला सुरू झाला, 31 डिसेंबरला संपतो. मुलीचं लग्न 12 डिसेंबरला ठरलं आहे. लातूरहून आजी आणि आत्या, अकोल्याहून मामा-मामी 24 नोव्हेंबरला येतील आणि 15 डिसेंबरला परततील. लग्नाच्या आठवड्यात आणखी पाच माणसं येणार आहेत.

भाडेकरूंनी ऑक्टोबरच्या शेवटी, म्हणजे पाहुणे येण्याच्या जवळपास महिनाभर आधी मालकांना फोन केला. एजंटमार्फत निरोप पाठवला नाही. एजंटने ‘हो, चालेल, मी बोलतो त्यांच्याशी’ म्हटलं, तरी त्याला मालकाच्या वतीने परवानगी देण्याचा अधिकार असतोच असं नाही. करारावर मालक म्हणून नवरा-बायको दोघांच्या सह्या असतील, तर दोघांनाही कळलं पाहिजे. फोनवरचं बोलणं साधारण असं झालं.

“नमस्कार काका. एक आनंदाची बातमी द्यायची होती. मोठीचं लग्न ठरलं, 12 डिसेंबरला.”

“अरे वा! अभिनंदन. कार्यालय मिळालं का?”

“मिळालं. लग्न, जेवणं सगळं कार्यालयातच आहे. घरी कार्यक्रम नाही. पण त्यानिमित्त आई, बहीण, मेहुणे आणि त्यांची बायको असे चौघे तीन आठवडे आमच्याकडे राहायला येतील. लग्नाच्या दोन-तीन दिवसांत अजून पाच जण वाढतील. तुमची परवानगी हवी होती.”

“नऊ माणसं? म्हणजे तुम्ही धरून तेरा. एवढ्यांना दोनच बाथरूम. खालच्यांच्या छताला मागे ओल आली होती, आठवतंय ना?”

“आठवतंय काका. म्हणूनच विचारतोय. किती माणसं चालतील तेवढं सांगा, बाकीच्यांची सोय मी बाहेर करतो.”

इथे भाडेकरूने केलेली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे त्याने आकडे लपवले नाहीत. ‘चार-सहा माणसं येतील थोडे दिवस’ असं म्हटलं असतं, तर लगेच होकार मिळाला असता, पण त्या होकाराचा अर्थ पुढे प्रत्येकाने आपल्या सोयीने लावला असता. मालकांनीही ‘नाही’ न म्हणता खरी अडचण सांगितली. शेवटी ठरलं ते असं: रात्री मुक्कामाला घरात आठांपेक्षा जास्त माणसं नकोत. तीन आठवडे राहणारे चौघे आणि घरचे चौघे, बस. उरलेल्या पाच जणांसाठी कार्यालयाजवळच्या लॉजमध्ये तीन रात्रींची खोली घ्यायची.

पाण्याचा हिशोब

मालकांचा दुसरा प्रश्न पाण्याचा होता, आणि पुण्यासारख्या शहरात तो टाळता येत नाही. नागरी पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात माणशी रोज 135 लिटर पाणी धरलं जातं. घरच्या चौघांना त्या हिशोबाने रोज 540 लिटर लागतं. चार पाहुणे आले की आणखी 540, म्हणजे वापर बरोबर दुप्पट. 24 नोव्हेंबर ते 15 डिसेंबर हे 22 दिवस होतात, तेव्हा जादा पाणी सुमारे 11,880 लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर आणि थोडं वर.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये पाणीपट्टी माणसांच्या संख्येवर आकारत नाहीत. प्रत्येक घरातल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवर ती वाटली जाते. म्हणजे पाहुणे आले म्हणून सोसायटीने आपोआप जास्त पाणीपट्टी लावावी असं नाही. पण सोसायटी टँकरवर चालत असेल, तर जादा पाण्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो. भाडेकरूने स्वतःहून एका टँकरचा खर्च देण्याची तयारी दाखवली तर मालकाला सोसायटीपुढे उत्तर देता येतं. हा खर्च सोसायटीला द्यावा आणि पावती घ्यावी.

काही मालक अशा वेळी ‘पाहुण्यांचं वेगळं भाडं’ मागतात. ते देऊ नये, कारण मोबदला करारात ठरलेला आहे, आणि माणशी भाडं घेतलं-दिलं की पाहुणे रहिवासी असल्यासारखं दिसतं. प्रत्यक्ष होणारा खर्च, म्हणजे टँकर, वीज, काही तुटलं-फुटलं तर दुरुस्ती, हा भरण्याची तयारी जरूर दाखवावी. त्याच कारणाने पाहुण्यांकडूनही राहण्याचे पैसे घेऊ नयेत. आत्याने हौसेने किराणा भरला तर गोष्ट वेगळी, पण ‘खोलीचे इतके’ असा व्यवहार नातेवाईकांतही करू नये.

दोन परवानग्या, दोन दारं

इथे अनेक जण चुकतात. घराच्या आतल्या मुक्कामाला परवानगी मालक देतो. पण गच्ची, आवार, पाहुण्यांच्या गाड्यांची जागा, क्लबहाउस हे सोसायटीचं आहे. मालक ‘करा हो हळद गच्चीवर’ म्हणाले, तरी गच्ची त्यांची एकट्याची नसते. हळद गच्चीवर करायची असेल तर सोसायटीच्या सचिवांना वेगळा अर्ज द्यावा. त्यात तारीख, वेळ, माणसांची अंदाजे संख्या आणि कार्यक्रमानंतर साफसफाई कोण करणार हे लिहावं. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, त्यामुळे संगीताचा कार्यक्रम दहाच्या आधी संपेल असं अर्जातच लिहिलं की शेजाऱ्यांची निम्मी हरकत मिटते.

सोसायटीच्या फाटकावर पाहुण्यांची नावं आणि परतीची तारीख देऊन ठेवावी. तीन आठवडे रोज ‘कुठे जायचंय?’ या प्रश्नाला उत्तर देणं म्हाताऱ्या आजीला नको वाटतं. पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती भाडेकरूने स्वतःकडे ठेवाव्यात, कुणी विचारलं तर दाखवता येतात. एक गोष्ट मात्र वेळेवरच करावी लागते. पाहुण्यांपैकी कुणाकडे परदेशी पासपोर्ट असेल, तर त्याच्या मुक्कामाची माहिती तो आल्यापासून 24 तासांच्या आत विदेशी नोंदणी कार्यालयाला कळवणं ही ठेवून घेणाऱ्याची जबाबदारी आहे. अमेरिकेतला भाचा भारतीय पासपोर्टवर येतो की अमेरिकी, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावं.

पत्र

फोनवर ठरलं तरी लिहिलेलं हवं. स्टँप पेपर किंवा नवा करार लागत नाही, कारण मुदत, मोबदला, अनामत यांतलं काहीच बदलत नाही. एक साधं पत्र, ई-मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, पुरतं. त्याचा मसुदा असा असू शकतो.

*विषय: मुलीच्या लग्नानिमित्त नातेवाईकांच्या तात्पुरत्या मुक्कामास परवानगी मिळण्याबाबत.*

*आदरणीय काका आणि काकू,*

*सादर नमस्कार. आपलं फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे लिहीत आहे. आमच्या मुलीचं लग्न 12 डिसेंबरला आहे. त्यानिमित्त माझी आई, बहीण, मेहुणे आणि त्यांची पत्नी असे चार जण 24 नोव्हेंबर ते 15 डिसेंबर या काळात आपल्या घरी आमच्यासोबत राहतील. 15 तारखेला संध्याकाळपर्यंत ते परत जातील. या काळात रात्री मुक्कामाला घरात एकूण आठांपेक्षा जास्त माणसं नसतील. इतर नातेवाईकांची सोय बाहेर केली आहे.*

*मुक्काम आमच्यासोबत आणि आमचे पाहुणे म्हणूनच आहे. आम्ही स्वतः पूर्ण काळ घरी आहोत. पाहुण्यांकडून कोणताही मोबदला घेत नाही. या पत्त्याचा वापर ते कोणत्याही कागदपत्रासाठी करणार नाहीत. जादा पाण्यासाठी सोसायटीला एका टँकरचा खर्च मी देईन, आणि या काळात घराचं काही नुकसान झालं तर दुरुस्ती करून देईन. घरात मांडव घालणं, भिंतींना खिळे ठोकणं किंवा आचारी लावून मोठा स्वयंपाक करणं असं काही होणार नाही.*

*मुक्काम काही कारणाने वाढवावा लागला, तर 15 तारखेच्या आधी आपल्याला विचारीन. आपली संमती कृपया लेखी कळवावी. दोघांनी लग्नाला अवश्य यावं, पत्रिका घेऊन मी प्रत्यक्ष येतोच आहे.*

*आपला,*

या पत्रात मालकाच्या प्रत्येक भीतीला एक एक वाक्य आहे. किती जण, कधीपासून, कधीपर्यंत, जबाबदार कोण, पैसे कुणाचे, पत्त्याचं काय. यातलं सगळ्यात वजनदार वाक्य परतीच्या तारखेचं. ‘लग्न आटोपलं की जातील’ याने मालकाचं समाधान होत नाही, कारण लग्न आटोपल्यावर सत्यनारायण असतो, मग मांडवपरतणी, मग ‘आता आलेच आहेत तर चार दिवस राहू द्या.’ तारीख लिहिली की तो मुक्काम पाहुण्यांचाच राहतो.

पत्रिका देणं ही वेगळी गोष्ट आहे. बरीच कुटुंबं मालकांना मनापासून बोलावतात आणि त्यातच परवानगी आली असं समजतात. पत्रिकेने आपुलकी कळते, संमती मिळत नाही. मालकांचं ‘हो’ लेखी यायला हवं. ते फोनवरच ‘बिनधास्त करा’ म्हणाले, तर आपणच निरोप पाठवावा: ‘काका, आज बोलल्याप्रमाणे चार पाहुण्यांना 15 डिसेंबरपर्यंत आपली संमती आहे, असं मी समजतो. काही बदल असेल तर कळवा.’ त्यावर नुसतं ‘ठीक आहे’ आलं तरी पुरे, आणि तो निरोप जपून ठेवावा.

पाहुणे यायच्या आधी आणि असताना

24 नोव्हेंबरच्या आधी एका शांत सकाळी घराचे फोटो काढावेत. भिंती, पंखे, सिंक, दोन्ही बाथरूम, कमोडची टाकी, दाराची कुलपं. पुढे अनामत परत मिळताना काय आधीपासून होतं आणि काय नंतर झालं याचा वाद झालाच, तर हे फोटो कामाला येतात. गाद्या विकत घेण्याऐवजी बिछायत केंद्रातून भाड्याने आणाव्यात आणि त्यांच्या परतीची तारीख पाहुण्यांच्या परतीच्या तारखेलाच ठेवावी.

घरावर ताण येतोय हे आधी बाथरूममध्ये कळतं. जाळीतून पाणी सावकाश जायला लागलं, आंघोळीनंतर पाणी साचून राहायला लागलं, की त्याच दिवशी जाळी काढून केस-कचरा साफ करावा आणि गरज पडली तर प्लंबर बोलवावा. जुन्या इमारतीत पाणी साचून राहिलं की ते फटींतून खालच्या घराच्या छतात उतरतं. मग खालचे लोक सोसायटीकडे तक्रार करतात, सोसायटी मालकाला पत्र पाठवते, आणि गोड बोलून मिळालेली परवानगी नको होऊन बसते. असं काही झालंच तर मालकांना शेजाऱ्यांकडून कळण्याआधी आपण कळवावं, फोटोसह आणि ‘उद्या प्लंबर येतोय’ या वाक्यासह.

मुक्काम वाढण्याची वेळही येते. आजींना ताप येतो, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. अशा वेळी 15 तारीख उलटून जाऊ देऊ नये. 13 किंवा 14 लाच लिहावं: आईची तब्येत बरी नाही, बाकीचे तिघे ठरल्याप्रमाणे जात आहेत, आई 20 पर्यंत राहील. कारण, किती जण, नवी तारीख. बहुतेक मालक अशा निरोपाला नाही म्हणत नाहीत. मुदत उलटल्यावर त्यांनीच फोन केला आणि मग कारण सांगितलं, तर तेच खरं कारण सबबीसारखं वाटतं.

नकार आला तर

मालक नाही म्हणाले आणि करारात पाहुण्यांची अट असेल, तर ती पाळावी लागते. अट मोडून पाहुणे ठेवले, तर ठरलेल्या मसुद्यातल्या कलमाने मालक एक महिन्याची नोटीस देऊ शकतात. लग्नाच्या महिन्यात घर शोधण्यापेक्षा तडजोड स्वस्त पडते. मुक्काम दोन भागांत विभागता येतो: आजी आणि आत्या आधीपासून, मामा-मामी फक्त लग्नाच्या आठवड्यात. सोसायटीतल्या एखाद्या शेजाऱ्याचं घर रिकामं असेल तर त्याच्या मालकाकडून काही दिवसांसाठी मागता येतं. काही मंगल कार्यालयांत वधूपक्षासाठी खोल्या असतात, त्या एक-दोन दिवस आधीपासून मिळतात का हे विचारावं.

करारात अट नसेल आणि नकार आला, तर भाडेकरूची बाजू बळकट असते, पण कायद्यात दिवसांचा आकडा नसल्याने तीन आठवड्यांबद्दल ठाम कुणीच बोलू शकत नाही. अशा वेळी नकाराचं कारण विचारावं. पाणी असेल तर टँकर, गर्दी असेल तर संख्या, भीती असेल तर परतीची तारीख. कारण कळलं की बहुतेक वेळा कमी माणसं किंवा कमी दिवस, यावर जुळतं.

आपल्या उदाहरणात एक गाठ अजून बाकी आहे. करार 31 डिसेंबरला संपतो, लग्न 12 ला. पाहुणे 15 ला जातात, म्हणजे हातात सोळा दिवस उरतात. करार पुढे चालू ठेवायचा असेल, तर त्याचं बोलणं लग्नाच्या गडबडीत मागे पडू देऊ नये. नव्या कराराची नोंदणी वेळेत झाली नाही आणि मुदत संपली, तर घरात पाहुणे असोत वा नसोत, दुप्पट भरपाईचं कलम भाडेकरूच्या विरोधात लागू शकतं. म्हणून परवानगीच्या फोनमध्येच ‘काका, जानेवारीपासूनच्या कराराचंही नोव्हेंबरमध्ये ठरवून टाकू’ असं म्हणावं. आणि नवा करार होताना ‘इतर’ या सदरात दोन्ही बाजूंना पटेल अशी एक ओळ लिहून घ्यावी: जवळच्या नातेवाईकांचा पंधरा दिवसांपर्यंतचा मुक्काम फक्त कळवून, त्याहून अधिक असेल तर लेखी संमतीने. पुढच्या वेळी मुलाची मुंज असो वा बारसं, हीच ओळ दोघांच्याही कामी येईल.

15 तारखेला संध्याकाळी पाहुण्यांची गाडी सुटली की शेवटचा निरोप मालकांना पाठवावा: ‘काका, चौघेही आज निघाले. टँकरची पावती सोबत जोडली आहे. बाथरूमची जाळी साफ करून घेतली, घर ठीक आहे.’ मालकांना दिलेला शब्द तारखेनुसार पाळला गेल्याची ही नोंद असते, आणि पुढच्या करारावर बोलायला बसताना दोघांच्याही हाती ती असते.